आधी दुकानाचं कपाट, मग बोर्ड

(अमरावतीत पदविका आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बऱ्याच जणांना या सत्रात प्रकल्प करायचा आहे. तुमच्या चिठ्ठ्यांमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय : बोर्ड कोणता घेऊ? कुणी आर्डुइनो ऊनो लिहिलंय, कुणी नोडएमसीयू, कुणी ईएसपी ३२. एकाने लिहिलंय, "सर म्हणतात ८०५१ वर करा, सिलॅबसमध्ये आहे." या प्रश्नाला मी आज उत्तर देणार आहे, पण यूट्यूबवर मिळतं तसं नाही. तिथे बोर्ड कुणाचा वेगवान, कुणाची मेमरी जास्त, असा तक्ता असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चालत जाता येत असेल किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, तर तो तक्ता कामाचा आहे. अकोला-अमरावतीत तो तक्ता अर्धाच कामाचा, कारण इथे बोर्ड एकटा चालत नाही. त्याच्याभोवती लागणाऱ्या दहा वस्तू आपल्याच गावातल्या दोन-तीन दुकानांत मिळाव्या लागतात.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. बोर्ड सगळ्यात शेवटी निवडा. आधी बघा की गावातल्या दुकानात ज्या वस्तू आहेत त्या किती व्होल्टवर चालतात, तुमच्या मोजमापाला किती ॲनालॉग पिना लागतात, आणि बोर्ड जळाला तर संध्याकाळपर्यंत दुसरा मिळेल का. या तीन प्रश्नांची उत्तरं आली की बोर्ड आपोआप ठरतो.

हे हवेत बोलण्यापेक्षा एका प्रकल्पावरून सांगतो. अकोल्याच्या चार विद्यार्थ्यांच्या गटाला मी सुट्टीच्या दिवशी मदत करत होतो. त्यांच्यातल्या एका मुलीच्या मामूंचं शेत दर्यापूरकडे आहे, म्हणजे खारपाणपट्ट्यात. आपल्याकडच्यांना हा पट्टा सांगायला नको. पूर्णा नदीचं खोरं, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला गाळाच्या काळ्या जमिनीचा भाग, जिथे बोअर मारली तर पाणी लागतं पण खारं लागतं. मामूंकडे एक जुनी विहीर आहे आणि एक बोअर. हरभऱ्याला कोणतं पाणी द्यायचं, दोन्ही मिसळायचं का, हा त्यांचा दरवर्षीचा प्रश्न. मुलांनी ठरवलं, पाण्याचा खारेपणा मोजणारं यंत्र करायचं, जे विहिरीच्या काठावर उभं राहून वापरता येईल.

खारेपणा मोजायचा म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजायचं. क्षार जितके जास्त, तितकी वीज सहज जाते. याला विद्युतवाहकता म्हणतात आणि ती मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर या एककात सांगतात. अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली सिंचनाच्या पाण्याची जी वर्गवारी दिली ती आजही पाठ्यपुस्तकांत आहे : ०.२५ पर्यंत कमी खारं, ०.७५ पर्यंत मध्यम, २.२५ पर्यंत जास्त आणि त्यापुढे अतिशय खारं. म्हणजे मुलांच्या यंत्राला शून्य ते पाचच्या दरम्यानचा आकडा दाखवायचा होता, आणि २.२५ च्या आसपास तो आकडा भरवशाचा असायला हवा होता.

मुलांनी बोर्डही ठरवून टाकला होता. ईएसपी ३२, कारण त्यात वायफाय आहे आणि आकडा मोबाईलवर दिसेल. मी म्हटलं, ठीक आहे, पण आधी दुकानात जाऊन या. जाताना एक कागद न्या आणि त्यावर तीन रकाने पाडा : वस्तूचं नाव, दुकानात किती नग आहेत, आणि ती किती व्होल्टवर चालते. दुकानदाराला "हे आहे का" असं विचारू नका, कारण "आहे" म्हणजे एकच नग असू शकतो, तोही दोन वर्षं पडलेला. विचारा, "चाचा, याचे दोन नग आहेत का? आणि पुढचा माल केव्हा येतो?"

कागद भरून आला तेव्हा त्यावर काय होतं ते सांगतो, कारण तुमच्या गावच्या दुकानातही थोड्याफार फरकाने हेच असेल. ऊनोचे चार बोर्ड, नॅनोचे सहा, नोडएमसीयूचे दोन. ईएसपी ३२ एकही नाही. सोळा बाय दोनचा एलसीडी भरपूर, पण त्याच्या मागे लागणारं आयटूसी अडॅप्टर नाही. तापमानासाठी एलएम ३५. अंतर मोजणारा एचसी-एसआर ०४. रिले मॉड्यूल, ७८०५ रेग्युलेटर, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, आणि टीव्ही दुरुस्तीवाल्यांमुळे रेझिस्टर-कपॅसिटर हवे तितके. खारेपणाचा तयार सेन्सर अर्थातच नाही.

आता तिसरा रकाना बघा. एलसीडी ५ व्होल्ट. एलएम ३५ ला कमीत कमी ४ व्होल्ट. अंतराचा सेन्सर ५ व्होल्ट. रिले ५ व्होल्ट. हे सगळं कपाट ५ व्होल्टचं आहे. ते तसं का आहे हेही समजून घ्या. लहान गावातला दुकानदार तोच माल ठेवतो जो दरवर्षी खपतो, आणि दरवर्षीचे विद्यार्थी मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचीच यादी घेऊन येतात. ती यादी ऊनोभोवती तयार झालेली आहे. आर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी सुरू झालं आणि त्याचा आराखडा खुला ठेवला गेला. त्यामुळे कुठलाही कारखाना तसा बोर्ड बनवू शकतो, आणि म्हणूनच स्वस्त नक्कल अकोल्याच्या दुकानापर्यंत पोहोचली. तिच्यासोबत ५ व्होल्टचं सगळं गणगोतही आलं.

नोडएमसीयू आणि ईएसपी ३२ हे मात्र ३.३ व्होल्टचे बोर्ड आहेत. इथे पहिली गाठ बसते. एलएम ३५ ला ३.३ व्होल्ट दिले तर तो बंद पडत नाही, त्याहून वाईट होतं. तो काहीतरी आकडा देत राहतो आणि तो चुकीचा असतो. सोळा बाय दोनचा साधा एलसीडी ३.३ व्होल्टवर बहुतेक वेळा नुसता उजळतो, अक्षरं उमटत नाहीत. अंतराचा सेन्सर उलट दिशेने त्रास देतो : त्याची उत्तराची पिन ५ व्होल्ट फेकते आणि समोरची पिन फक्त ३.३ व्होल्ट सहन करणारी असते. या सगळ्यावर उपाय आहेत. मध्ये व्होल्टेज बदलणारं छोटं सर्किट टाकता येतं. पण मग प्रत्येक वस्तूमागे एक जास्तीची वस्तू, आणि तीही दुकानात शोधायची.

दुसरा प्रश्न ॲनालॉग पिनांचा. मुलं म्हणाली, आम्हाला एकच गोष्ट मोजायची आहे, पाणी. मी विचारलं, पाणी किती गरम आहे? कारण पाण्याची वाहकता तापमानावर अवलंबून असते. ढोबळमानाने दर अंश सेल्सिअसमागे २ टक्के वाढते, आणि सगळ्या वर्गवाऱ्या २५ अंशांसाठी दिलेल्या आहेत. आपल्या वऱ्हाडात दुपारी बादलीतलं पाणी २५ अंशांवर असतं कुठे? तेव्हा तापमानही मोजावं लागणार. म्हणजे दोन ॲनालॉग पिना झाल्या. नोडएमसीयूवर ॲनालॉग पिन एकच आहे. शिवाय आयटूसी अडॅप्टर नसल्याने एलसीडीलाच सहा डिजिटल पिना हव्यात आणि पाण्यासाठी आणखी दोन. नोडएमसीयूवर डी० ते डी८ अशा नऊ पिना दिसतात खऱ्या, पण त्यातल्या डी३, डी४ आणि डी८ या तीन पिनांवर बोर्ड सुरू होताना विशिष्ट व्होल्टेज असावं लागतं. तिथे चुकीची वस्तू जोडली तर बोर्ड सुरूच होत नाही, आणि नवशिक्याला वाटतं प्रोग्रॅम बिघडला.

मग ८०५१ का नाही? तो तर ५ व्होल्टचा आहे आणि सिलॅबसमध्येही आहे. कॉलेजात मिळते ती एटी ८९ एस ५२ ही चिप चांगली आहे, पण तिच्यात ॲनालॉग व्होल्टेज मोजायची सोयच नाही. त्यासाठी एडीसी ०८०४ सारखी वेगळी चिप लावावी लागते, तिच्या आठ तारा ओढाव्या लागतात आणि प्रोग्रॅम भरायला वेगळा प्रोग्रॅमर लागतो. दुकानात शोधायच्या वस्तू आणखी तीनने वाढल्या. सरांना हे एवढ्याच शब्दांत सांगा, सर ऐकतात.

आता उरतो ऊनो किंवा नॅनो. दोन्हींवर एटीमेगा ३२८पी ही एकच चिप असते. ५ व्होल्ट, ऊनोवर सहा ॲनालॉग पिना, नॅनोवर आठ, आणि प्रत्येक मोजमाप ० ते १०२३ या आकड्यांत. आपल्या कामाला पुरे. आणि इथे तिसरा प्रश्न सुटतो, बदलीचा. मुलांनी एक ऊनो घेतला आणि एक नॅनो. एकच प्रोग्रॅम, एकाच नंबरच्या पिना, दोन्हींवर जसाच्या तसा चालतो. टेबलावर प्रयोग ऊनोवर केले, पक्कं यंत्र नॅनोवर सोल्डर केलं. एक जळाला तर दुसरा त्याची जागा घेतो, आणि दुकानात आणखी आठ आहेत. सादरीकरणाच्या तीन दिवस आधी याची किंमत कळते.

"ऑनलाइन मागवू की" असं कुणीतरी म्हणेल. मागवा, हरकत नाही. फक्त एक अट पाळा : जी वस्तू फक्त ऑनलाइन मिळते ती दोन नग मागवायची, आणि ती हातात येऊन चालल्याशिवाय प्रकल्पाचं नाव कॉलेजात द्यायचं नाही. चार दिवसांनी येणारं पार्सल सुरुवातीला चालतं, शेवटच्या आठवड्यात चालत नाही.

दुकानात बोर्ड घेताना दोन गोष्टी बघा. ऊनोमध्ये एका प्रकारात चिप लांबट असते आणि सॉकेटमध्ये बसवलेली असते, दुसऱ्यात छोटी चौकोनी चिप बोर्डलाच चिकटवलेली असते. लांबट चिपवाला मिळाला तर तो घ्या, कारण चिप जळाली तर ती उपटून दुसरी बसवता येते. दुसरी गोष्ट केबल. बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. बोर्डवरचा दिवा लागतो पण कॉम्प्युटरवर पोर्ट दिसत नाही. असं झालं तर बोर्डला दोष देण्याआधी केबल बदलून बघा. केबल बदलूनही पोर्ट आला नाही तर सीएच ३४० चा ड्रायव्हर टाका, कारण नक्कल बोर्डांवर कॉम्प्युटरशी बोलणारी चिप बहुतेक तीच असते. आणि नॅनोवर प्रोग्रॅम चढवताना ही ओळ आली तर घाबरू नका :

```
avrdude: stk500_getsync() attempt 1 of 10: not in sync: resp=0x00
```

पोर्ट बरोबर निवडलेला असूनही ही ओळ येत असेल तर बहुतेक वेळा नॅनोमध्ये जुना बूटलोडर असतो. `Tools` मध्ये `Processor` खाली `ATmega328P (Old Bootloader)` निवडा आणि पुन्हा चढवा. दुकानदाराकडे "खराब निघाला" म्हणून परत आलेले कितीतरी नॅनो असेच असतात.

आता सेन्सर. तो दुकानात नव्हता, म्हणून मुलांनी केला. रुंद तोंडाच्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण घेतलं आणि त्यात स्टेनलेस स्टीलचे दोन बारीक स्क्रू एकमेकांपासून २ सेंटिमीटरवर बसवले. आतल्या बाजूला साधारण १ सेंटिमीटर टोक बाहेर राहील असे. हे झाकण पाण्याला टेकेपर्यंत बुडवायचं. असं केलं की दोन स्क्रूंमधलं अंतर आणि बुडालेली लांबी दरवेळी तीच राहते, आणि मोजमापात तेच महत्त्वाचं आहे. एका मुलाने सुचवलं होतं की दोन पिनांचा विजेचा प्लग वापरू, पिना आयत्याच आहेत. मी नाही म्हटलं. प्लग म्हटला की घरातलं कुणीतरी, एखादं लहान मूल, तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालणारच. मग बोर्ड तर जाईलच, पण बोर्ड हातात धरलेल्या माणसाचाही जीव धोक्यात येईल.

जोडणी अशी : ७ नंबरच्या पिनेपासून १ किलोओहमचा रेझिस्टर, रेझिस्टरचं दुसरं टोक ए० ला आणि एका स्क्रूला, दुसरा स्क्रू ८ नंबरच्या पिनेला. एलएम ३५ ची मधली पिन ए१ ला. एलएम ३५ पाण्यात जायचा आहे, म्हणून तो रिकाम्या पेनच्या नळीत घालून टोक एम-सीलने बंद केलं.

पाण्यातून वीज एकाच दिशेने सोडत राहिलं तर पाण्याचं विघटन होतं. स्क्रूंवर बारीक बुडबुडे धरतात, एक स्क्रू काळा पडत जातो. हे ओळखायची खूण सोपी आहे : झाकण हलवलं नाही तरी आकडा हळूहळू सरकत राहतो, थांबतच नाही. म्हणून अर्धा-पाऊण मिलिसेकंद वीज एका दिशेने सोडून मोजायचं, आणि लगेच तेवढाच वेळ उलट दिशेने सोडायची :

```cpp
int paniVacha() {
  digitalWrite(7, HIGH);
  digitalWrite(8, LOW);
  delayMicroseconds(500);
  int a = analogRead(A0);
  digitalWrite(7, LOW);
  digitalWrite(8, HIGH);
  delayMicroseconds(612);
  digitalWrite(8, LOW);
  return a;
}
```

उलट दिशेला ६१२ का, तर `analogRead` ला स्वतःला सुमारे ११२ मायक्रोसेकंद लागतात, तेवढे मिळवले की दोन्ही बाजू सारख्या होतात. `setup` मध्ये ७ आणि ८ या पिना `OUTPUT` करायला विसरू नका. असे वीस आकडे घेऊन त्यांची सरासरी काढायची.

आता या आकड्याला अर्थ द्यायचा, म्हणजे यंत्र जुळवायचं. त्यासाठी ज्याची वाहकता आधीच माहीत आहे असं पाणी लागतं. पोटॅशियम क्लोराईड कॉलेजच्या केमिस्ट्री विभागात असतं. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. ७.४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण एक लिटर करायचं. त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन ते पुन्हा डिस्टिल्ड पाण्याने एक लिटर करायचं. या दुसऱ्या पाण्याची वाहकता २५ अंशांवर १.४१३ असते, हे जगभर ठरलेलं मानक आहे. थेट पाऊण ग्रॅम तोलण्यापेक्षा आधी साडेसात ग्रॅम तोलून दहापट पातळ करणं बरं, कारण साध्या काट्यावर लहान वजनात चूक मोठी होते. काटा नसेल तर सराफाकडे जा, त्याच्याइतका बारीक काटा गावात दुसऱ्या दुकानात नसतो.

मुलांना या पाण्यात, २५ अंशांवर, ३७० हा आकडा मिळाला. आता हिशेब बघा. पाण्याचा रोध म्हणजे १००० गुणिले ३७०, भागिले १०२३ वजा ३७०. उत्तर ५६७ ओहम. त्याला ०.००१४१३ सीमेन्सने गुणलं की ०.८० येतं. हा त्या झाकणाचा स्थिरांक. तो झाकणावरच मार्करने लिहून ठेवला, तारखेसह. स्क्रू बदलला किंवा वाकला की हा आकडा गेला, पुन्हा जुळवायचं. प्रोग्रॅममध्ये एवढंच :

```cpp
float rw = 1000.0 * a / (1023.0 - a);
float ec = 0.80 / rw * 1000.0;
float ec25 = ec / (1 + 0.02 * (t - 25));
```

झाकण पाण्याबाहेर असेल तर `a` १०२३ होतो आणि शून्याने भागाकार होऊन `rw` हा `inf` होतो आणि पडद्यावर वाहकता शून्य दिसते. म्हणून `a` हजाराच्या वर गेला की "पाण्यात बुडवा" असा अर्थ होईल ते अक्षर दाखवा.

मग मुलं मामूंच्या शेतावर गेली. बोअरचं पाणी बादलीत काढलं, दुपारची वेळ, तापमान ३२ अंश. आकडा आला २५०. रोध ३२३ ओहम, वाहकता २.४७. वर्गवारीत बघितलं तर २.२५ च्या पुढे, म्हणजे अतिशय खारं. पण हा ३२ अंशांचा आकडा आहे. सात अंश जास्त म्हणजे १४ टक्के, २.४७ भागिले १.१४, उत्तर २.१७. आता तेच पाणी २.२५ च्या आत आलं. एलएम ३५ नसता, किंवा ३.३ व्होल्टवर चुकीचा आकडा देत असता, तर मुलांनी मामूंना चुकीचा वर्ग सांगितला असता. ही दुसरी ॲनालॉग पिन आणि ते ५ व्होल्ट कागदावर किती क्षुल्लक दिसत होते ते आठवा.

एक बारीक गोष्ट शेतावर लक्षात आली. यंत्र पॉवर बँकवर चालत होतं आणि लांब केबलमुळे बोर्डवर ५ व्होल्टऐवजी ४.६ व्होल्टच पोहोचत होते. पाण्याच्या आकड्यावर याचा परिणाम होत नाही, कारण तिथे आपण दोन रोधांचं गुणोत्तर मोजतो. ज्या व्होल्टेजने वीज सोडली त्याच व्होल्टेजच्या पट्टीने मोजली, दोन्ही सारखेच कमी झाले. पण एलएम ३५ त्याचं खरं व्होल्टेज देतो, अंशामागे १० मिलिव्होल्ट, आणि आखूड झालेल्या पट्टीने मोजलं की ते जास्त वाटतं. ३२ अंशांचे पावणेपस्तीस दिसायला लागतात, आणि वाहकता २.१७ ऐवजी २.०७ निघते. ओळखायचं कसं? पडद्यावरचं तापमान साध्या थर्मामीटरशी ताडून बघा. फरक दिसला तर मल्टीमीटरने बोर्डची ५ व्होल्टची पिन मोजा आणि प्रोग्रॅममध्ये ५.० च्या जागी तो आकडा घाला. किंवा केबल आखूड घ्या, मुलांनी तेच केलं. आणखी एक : काही पॉवर बँक फार कमी वीज ओढली जाते म्हणून काही सेकंदांत स्वतःच बंद होतात. शेतावर जायच्या आधी घरी दहा मिनिटं चालवून बघा.

या यंत्राची मर्यादाही मुलांनी अहवालात लिहिली, आणि परीक्षकांना ती आवडली. वाहकता एकूण क्षार सांगते, कोणता क्षार ते सांगत नाही. खारपाणपट्ट्याच्या काळ्या जमिनीत खरा त्रास सोडियमचा असतो, तो मातीची छिद्रं बुजवतो आणि पाणी मुरत नाही. २.१७ हा आकडा पाहून मामूंनी लगेच बोअर सुरू करावी असं यंत्र म्हणू शकत नाही. ते एवढंच म्हणू शकतं की विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात फरक किती, कोणत्या महिन्यात खारेपणा वाढतो, आणि कोणत्या पाण्याचा नमुना आधी माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचा. मामूंनी बोअरचा नमुना पाठवला. सोडियमचा अहवाल येईपर्यंत त्यांनी हरभऱ्याला विहिरीचं पाणी दिलं.

याचा अर्थ ऊनोच घ्या असं मी सांगत नाही. तुमचा प्रकल्प वर्गातलं तापमान आणि आर्द्रता मोबाईलवर पाठवायचा असेल, तर सगळं उलट होतं. तिथे वायफाय हेच काम आहे, ॲनालॉग पिन लागत नाही, आणि डीएचटी ११ हा सेन्सर ३.३ व्होल्टवरही चालतो. तेव्हा नोडएमसीयू घ्या, दोन घ्या, आणि एलसीडीचा नाद सोडा. बोर्ड वेगळा आला तरी प्रश्न तेच तीन आहेत : कपाट किती व्होल्टचं, ॲनालॉग पिना किती, बदली कुठे.

तोंडी परीक्षेत तुम्हाला हमखास विचारतील, आणि जरा खोचक आवाजात विचारतील, "अजून ऊनोच? ईएसपी का नाही घेतला?" त्या वेळी "मिळाला नाही सर" असं खाली मान घालून म्हणू नका. तुमचा कागद पुढे ठेवा. सांगा की मला दोन ॲनालॉग मोजमापं हवी होती, माझा तापमानाचा सेन्सर ४ व्होल्टच्या खाली बरोबर चालत नाही, विहिरीवर वायफाय नाही, आणि हा बोर्ड जळाला तर दुसरा याच गावात आज संध्याकाळी मिळतो. मुलांनी हेच सांगितलं. परीक्षकांनी तो कागद मागून घेतला आणि पुढचा प्रश्न बोर्डावर नाही, सोडियमवर विचारला.

आता तुमच्या चिठ्ठ्या घेऊ. ज्यांनी दुकानात जाऊन नग मोजलेत, त्यांच्या आधी.